लेटरहेडचं पोट वर की खाली?

प्रश्न: आमचं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचं ऑफिस आहे. टेबलावरच्या लेझर प्रिंटरवर लेटरहेडचं एकपानी पत्र काढलं की बरोबर येतं. दोनपानी कोटेशन काढलं की दुसरं पान लोगोच्या बाजूला उलटं छापून येतं आणि पहिलं पान मागच्या कोऱ्या बाजूवर. साहेब म्हणतात, कागद पालथा घाल. तसं केलं की एकपानी पत्रं बिघडतात. मोठ्या झेरॉक्स मशीनला तर सगळंच वेगळं ठेवावं लागतं. मी दरवेळी दोन-तीन लेटरहेड वाया घालवते. नेमकी कुठली बाजू वर ठेवायची आणि लोगो कुठल्या टोकाला?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रिंटरमध्ये बिघाड काही नाही. तुम्ही लेटरहेड एका बाजूच्या छपाईसाठी बरोबर ठेवताय, आणि कॉम्प्युटर मात्र त्याला पाठपोट छापायला सांगतोय. एकपानी पत्राला मागची बाजू छापायचीच नसते म्हणून ते सुटतं, दुसरं पान आलं की घोळ उघडा पडतो. साहेबांनी सांगितलेला उपाय पाठपोटसाठी बरोबर आहे आणि तुमची पद्धत एकपानी पत्रासाठी बरोबर आहे. दोघंही खरे, म्हणूनच वाद मिटत नाही.

पुढे घोटाळा नको म्हणून आधी शब्द ठरवू. लोगोची बाजू म्हणजे पोट, मागची कोरी बाजू म्हणजे पाठ. लोगो ज्या कडेला आहे ते डोकं, त्याच्या समोरची कड म्हणजे पाय. प्रेसवाले पाठपोट म्हणतात ते याच हिशेबाने.

एका बाजूच्या छपाईपुरतं सांगायचं तर टेबलावरच्या बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये, ज्याला खाली ओढायचा ड्रॉवर आणि पुढे उघडणारी छोटी फळी असते, ड्रॉवरमध्ये पोट खाली ठेवायचं आणि पुढच्या फळीवर पोट वर. ड्रॉवरला डोकं तुमच्याकडे, फळीवर डोकं मशीनच्या आत. पण हे पाठ करू नका. मी गेली वीस-बावीस वर्षं शाहूपुरीपासून गोकुळ शिरगावपर्यंत प्रिंटर दुरुस्त करत फिरतोय, आणि पाठ केलेला नियम मशीन बदललं की पहिल्याच दिवशी दगा देतो. त्यापेक्षा कागद आत कसा वळतो ते एकदा हातात घेऊन बघा, म्हणजे कुठल्याही मशीनपुढे उभं राहून अंदाज येईल.

एक जुनं लेटरहेड घ्या आणि पोट खाली करून टेबलावर ठेवा, डोकं तुमच्याकडे. आता डोक्याची कड धरून कागद आधी स्वतःकडे ओढा, मग वर उचलून मागे न्या, करूळ घाटातल्या वळणावर गाडी वळते तसा. वळण पूर्ण झालं की काय दिसतं? जे पोट टेबलाला टेकलं होतं ते आता वर आलंय आणि डोकं पुढे चाललंय. ड्रॉवरमधून निघालेला कागद आत नेमकं हेच करतो. कागद उचलणारा रोलर ड्रॉवरच्या पुढच्या टोकाला असतो, तो कागद पुढे ओढतो, कागद वर चढून मागे वळतो आणि मग ड्रमखालून जातो. ड्रम वरून छापतो, म्हणून ड्रॉवरमध्ये जी बाजू खाली होती ती छापली जाते. पुढच्या फळीवरून जाणाऱ्या कागदाला हे वळणच नसतं. तो सरळ आत शिरतो आणि ड्रमखालून जातो, म्हणून जी बाजू वर दिसते तीच छापली जाते. एकाच मशीनमध्ये दोन जागी दोन उलट नियम का, याचं कारण एवढंच. एचपीच्या १०२० सारख्या जुन्या लहान प्रिंटरमध्ये तर ड्रॉवरच नाही, पुढून कागद लावायचा, म्हणून तिथे पोट वर आणि डोकं आत. आपल्याकडे निम्म्या वकिलांच्या आणि दुकानदारांच्या टेबलावर वर्षानुवर्षं तेच मशीन होतं. त्यावर हात बसलेल्या माणसाला ड्रॉवरचा प्रिंटर दिला की पहिला आठवडा लेटरहेडच्या पाठीवर पत्रं निघतात.

आता तुमचं मोठं झेरॉक्स मशीन. त्यात कागद घाटासारखा पूर्ण वळत नाही, काटकोनात वळून भिंतीसारखा उभा वर चढतो. बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये ही उभी वाट उजव्या अंगाला असते आणि छापणारा भाग तिच्या डावीकडे, म्हणजे मशीनच्या पोटात. खालच्या ड्रॉवरमधला कागद उजवीकडे निघून वर वळला की त्याची वरची बाजू डावीकडे, छपाईकडे तोंड करते. म्हणून तिथे ड्रॉवरमध्ये पोट वर ठेवायचं. उजव्या अंगाला उघडणाऱ्या बायपासमधला कागद मात्र डावीकडे शिरून वर वळतो, त्यात त्याची खालची बाजू छपाईकडे येते. म्हणून तिथे पोट खाली. म्हणजे टेबलावरच्या प्रिंटरच्या बरोबर उलट, तुम्ही म्हणताय तसंच. यातही अपवाद आहेत, जुन्या मशीनमध्ये आतली रचना वेगळी असते. ड्रॉवरच्या आतल्या कडेवर किंवा बायपासच्या फळीवर कागदाचं छोटं चित्र कोरलेलं किंवा चिकटवलेलं असतं, कोपरा दुमडलेला आणि एका अंगावर रेघा ओढलेल्या. त्या रेघा म्हणजे छपाईची बाजू. चित्र धूसर झालं असेल किंवा मशीन सेकंडहँड घेतलं असेल आणि चित्रच गायब असेल, तर पुढची चाचणी करा.

डोक्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे. ए-फोर कागद आखूड कडेने आत जात असेल तर प्रिंटर पानाची वरची ओळ आधी छापतो, म्हणून डोकं आधी आत जायला हवं. म्हणजे कागद उचलणारा रोलर जिकडे आहे तिकडे डोकं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून आत डोकावलं की काळा किंवा राखाडी रबरी रोलर दिसतो. मोठ्या मशीनमध्ये ए-फोर कागद बऱ्याचदा आडवा ठेवतात, लांब कड आधी आत जाईल असा. तिथे डोकं रोलरकडे नसून मशीनच्या मागच्या किंवा पुढच्या भिंतीकडे येतं. माझ्या पाहण्यात बहुतेकदा मागच्या, पण हे बोलून ठरवण्यापेक्षा एक कागद घालून बघणं स्वस्त पडतं.

चाचणी अशी. साधा पांढरा ए-फोर कागद घ्या, लेटरहेड नको. एका बाजूला वरच्या कडेजवळ पेन्सिलीने "डोकं" लिहा, कडेकडे बाण काढा. हा कागद ट्रेमध्ये तुम्हाला योग्य वाटतो तसा ठेवा, आणि पेन्सिलीची बाजू वर होती की खाली, बाण कुणीकडे होता, हे लगेच चिठ्ठीवर टिपा. पाच मिनिटांनी कुणालाच आठवत नाही, मलाही नाही. मग वर्डमध्ये एका ओळीचं पान करून प्रिंट द्या आणि बाहेर आलेला कागद वाचा.

छपाई पेन्सिलीच्या बाजूला आली आणि अक्षरांचं डोकं बाणाकडे असेल, तर ठेवलं तेच बरोबर. छपाई पेन्सिलीच्याच बाजूला पण अक्षरं उलटी असतील, तर बाजू बरोबर आहे, कागद फक्त जागच्या जागी अर्धा फिरवायचा, डोकं पायाच्या जागी. छपाई मागच्या बाजूला आली आणि अक्षरांचं डोकं बाणाच्याच कडेला असेल, तर कागद वहीचं पान उलटतो तसा उलटायचा, लांब कडेवरून, म्हणजे डोकं होतं त्याच टोकाला राहील. छपाई मागे आली आणि अक्षरांचं डोकं बाणाच्या विरुद्ध टोकाला असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उलटतो तसा उलटायचा, आखूड कडेवरून. या चारांबाहेर पाचवी शक्यता नाही. बहुतेक लोक तिसऱ्या आणि चौथ्यात गोंधळतात, कारण "पालथा घाल" एवढंच सांगितलं की कुणी वहीसारखा पालथा घालतं, कुणी कॅलेंडरसारखा. तुमच्या साहेबांना विचारा, त्यांना कुठला अभिप्रेत होता.

आता मूळ दुखणं, पाठपोट. प्रिंटर पाठपोट छापताना दुसरं पान आधी छापतो आणि पहिलं नंतर. हे ऐकून बरेच जण माझ्याकडे संशयाने बघतात, पण कारण साधं आहे. कागद बाहेर पडताना आणखी एकदा वळतो आणि शेवटी छापलेली बाजू खाली करून ट्रेवर पडतो. एक, दोन, तीन, चार असा गठ्ठा लागायचा तर पहिलं पान खाली तोंड करून पडायला हवं, म्हणजेच ते शेवटी छापायला हवं. म्हणून पहिल्या फेरीत, ज्या बाजूवर एकपानी पत्र येतं नेमकी त्याच बाजूवर, तो दुसरं पान छापतो. मग कागद अर्धवट बाहेर काढतो, तुम्ही पाहिलंच असेल, कागद डोकावतो आणि परत आत ओढला जातो, आणि दुसऱ्या बाजूवर पहिलं पान येतं. तुमचं दुसरं पान लोगोवर का गेलं, हे इथे कळलं. ते उलटं का आलं, तेही यातच आहे. कागद परत आत जाताना शेपटीकडून जातो, आधी मागे असलेली कड आता पुढे. पहिलं पान डोक्याकडून छापायचं तर ही नवी पुढची कड त्याचं डोकं ठरते, आणि दोन्ही पानांची डोकी एकाच कडेला यावीत म्हणून दुसरं पान आधीच उलटं छापलेलं असतं. काही प्रिंटर मात्र दुसऱ्याऐवजी पहिलं पान फिरवतात. त्यांच्यात दुसरं पान लोगोच्या बाजूला सुलटं येतं.

याचा उपयोग असा की, तुमच्याकडे वाया गेलेलं एक लेटरहेड असेल तर पाठपोटची चाचणी झालेलीच आहे, नवा कागद घालायची गरज नाही. दुसरं पान लोगोवर उलटं आलंय ना? मग पाठपोटसाठी गठ्ठा कॅलेंडरसारखा उलटा: बाजू बदलेल आणि डोकंही दुसऱ्या टोकाला जाईल. ते सुलटं आलं असतं तर वहीसारखा उलटायचा होता. अट एकच, पाठपोट करताना लांब कडेवर उलटायचा पर्याय निवडलेला असावा. आखूड कडेचा पर्याय चालू असेल तर हा हिशेब नेमका उलटा होतो.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला शहरातल्या एका पतसंस्थेतून दुपारी चारला फोन आला, "नोटिसा सगळ्या उलट्या आल्यात, लगेच या." थकबाकीदारांच्या १४० नोटिसा होत्या. पहिल्या पानावर मजकूर, मागे कर्जखात्याचा उतारा. ऑपरेटर पोरगं हुशार होतं, त्याने आधी चाचणी म्हणून एक नोटीस काढून पाहिली आणि ती लोगोवर अगदी नीट आली. मग १४० सोडल्या आणि चहाला गेला. परत आला तर बहुतेक लेटरहेडवर संस्थेच्या नावाखाली उलटा उतारा. चाचणीला घेतलेली नोटीस नेमकी एकपानी निघाली होती, त्या कर्जदाराचा उतारा जोडलेलाच नव्हता.

मी एक बिघडलेला कागद हातात घेतला. उतारा पोटावर, उलटा. म्हणजे कॅलेंडरसारखं उलटायचं. आधी पेन्सिलीची खूण केलेला साधा कागद तसा ठेवून दोनपानी नोटीस काढली, नीट आली. मग पाच लेटरहेड, तीही नीट. मग सगळा गठ्ठा लावला. मॅनेजरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मी बॅग आवरायला घेतली, तेवढ्यात पोरगं म्हणालं, "ही बघा की, ह्यातल्या काही पाठीवर आल्या." बघितलं तर १७ नोटिसा कोऱ्या बाजूवर, तळातून लोगो डोकावतोय. त्या १७ जणांच्या नोटिसा एकपानी होत्या. त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक कर्जदाराची नोटीस वेगळं काम म्हणून पाठवत होतं, आणि प्रिंटरला एकच पान मिळालं की तो पाठपोटाच्या भानगडीत पडत नाही, सरळ वाटेने छापून मोकळा होतो. वेळ वाचतो म्हणून बरेच प्रिंटर असं करतात. कागद पाठपोटसाठी उलटा ठेवलेला, आणि छपाई सरळ वाटेची. शेवटी त्या १७ नोटिसा वेगळ्या काढून, गठ्ठा परत एकपानीसारखा लावून छापल्या. तीन पानांच्या पत्राचंही हेच होतं: पहिला कागद बरोबर, तिसरं पान असलेला दुसरा कागद चुकीच्या बाजूवर.

तिथे निदान नोटिसा वेगवेगळ्या जात होत्या. सगळी पत्रं एकाच वर्ड फाइलमध्ये एकामागून एक असतील आणि पाठपोट चालू असेल, तर एकपानी पत्राच्या पाठीवर पुढच्या माणसाचं पत्र छापलं जाऊ शकतं. ते पाकिटात गेलं की एकाची थकबाकी दुसऱ्याच्या घरी.

म्हणजे गठ्ठा कुठल्याही एका पद्धतीने ठेवला तरी एकपानी आणि दोनपानी पत्रं मिसळली की एक तरी चुकणारच. यावर प्रिंटर बनवणाऱ्यांनी उपाय ठेवलाय, फक्त तो मेनूत खोल असतो. एचपीच्या ऑफिससाठीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये `Alternative Letterhead Mode` असतो, कॅननमध्ये `Switch Paper Feed Method` खाली `Print Side Priority`, क्योसेरात `Special Paper Action` मध्ये `Adjust Print Direction`. नावं वेगळी, काम एकच: एकपानी पत्रसुद्धा प्रिंटर पाठपोटाच्याच वाटेने फिरवून काढतो, त्यामुळे दोन्ही वेळा कागद एकाच पद्धतीने ठेवता येतो. एचपीत हे चालू केल्यावर लेटरहेड पाठपोटसाठी ठेवतो तसंच ठेवायचं आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार `Letterhead` निवडायचा. किंमत म्हणजे एकपानी पत्रं थोडी हळू निघतात, कारण कागद आत एक फेरी जास्त मारतो. चालू केल्यावर एकपानी आणि दोनपानी अशा दोन्ही चाचण्या पुन्हा करा. घरगुती स्वस्त प्रिंटरमध्ये ही सोय बहुधा नसते.

पण तुमच्या बाबतीत मी वेगळंच सुचवेन. कोटेशनचं दुसरं पान लेटरहेडच्या पाठीवर हवंच कशाला? जाड बाँडवर छापलेला लोगो पाठीमागून हलका दिसतो, त्यावर दरांचा तक्ता वाचायला ग्राहकाला त्रास होतो, आणि स्कॅन केलं की तो लोगोही उमटतो. रिवाज असा की पहिलं पान लेटरहेडवर, पुढची पानं त्याच जातीच्या कोऱ्या कागदावर. वर्डमध्ये हे एकदाच बसवायचं. आधी तोच प्रिंटर निवडा, कारण ट्रेची यादी निवडलेल्या प्रिंटरची येते. मग `Layout` मध्ये `Page Setup` उघडून `Paper` च्या पानावर जा. तिथे `Paper source` खाली `First page` आणि `Other pages` असे दोन रकाने आहेत. पहिल्यात लेटरहेड ठेवलेला ट्रे, दुसऱ्यात कोऱ्या कागदाचा. लेटरहेड पुढच्या फळीवर ठेवा, पोट वर, डोकं आत. फळीवर थोडेच कागद मावतात, पण तुमचं काम दिवसाला पाच-दहा कोटेशनांचं असेल तर तेवढं पुरतं, आणि लेटरहेड समोर दिसत असल्याने कुणी चुकून त्यावर जीएसटीची रिटर्न छापत नाही. पाठपोट मात्र बंदच पाहिजे, कारण एका कागदाच्या दोन बाजू दोन ट्रेमधून येऊ शकत नाहीत. एक मर्यादा आहे: हे ट्रेचं सांगणं वर्डच्या फाइलमध्ये राहतं, तिची पीडीएफ केली की हरवतं. पीडीएफ छापायची असेल तर पहिलं पान आणि बाकीची पानं वेगळी छापा.

आणि पाठपोट चालू कुठून झालं, तेही शोधा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या `Printing preferences` मध्ये कुणीतरी कागद वाचवायला `Print on both sides` ची खूण करून ठेवलेली असते आणि प्रत्येक नव्या फाइलला तीच लागू होते. ती खूण काढली की साधे रिपोर्ट एका बाजूला निघू लागतील आणि साहेब कागदाच्या खर्चावरून बोलतील. म्हणून मी ऑफिसांत तोच प्रिंटर कॉम्प्युटरवर दोनदा बसवतो, एक नेहमीच्या नावाने आणि दुसरा "लेटरहेड" नावाने. दुसऱ्यात पाठपोट बंद, कागदाचा प्रकार `Letterhead`, ट्रे पुढची फळी. पत्र छापताना फक्त नाव निवडायचं. हे करताना त्या फळीचा प्रकारही प्रिंटरच्या मेनूत `Letterhead` ठेवा. मग साधं काम लेटरहेड ओढत नाही. फळी रिकामी असताना प्रिंटर थांबून दिवा लुकलुकवायला लागला तर तो बिघडलेला नसतो, लेटरहेड मागत असतो.

बाजू बरोबर ठेवायला लागल्यावर एक नवी तक्रार येऊ शकते, ती आधीच सांगतो. आता लोगोची शाई फ्यूजरच्या तापलेल्या रोलरला थेट लागणार, आणि तिथे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. प्रेसमधून काल आलेलं, शाई पुरती न वाळलेलं लेटरहेड लगेच घातलं तर लोगोची फिकट सावली त्याच पानावर खाली किंवा पुढच्या कागदावर उमटते. ती सावली दरवेळी ठरावीक अंतरावर येते, कारण तो रोलरचा घेर असतो. टोनर संपल्याच्या फिकटपणाशी तिची गल्लत करू नका, मी टोनर बदलून तीच सावली परत आलेली ऑफिसं पाहिलीत. प्रेसला ऑर्डर देतानाच सांगा की कागद लेझर प्रिंटरमधून जाणार आहे. बोट फिरवल्यावर हाताला लागणारी उठावदार छपाई तर मुळीच नको, ती उष्णतेने वितळून रोलरला चिकटते. ऑफसेटवाले ताजे कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बारीक पावडर मारतात, तीही उचलणाऱ्या रोलरवर बसते आणि मग दोन-दोन कागद एकदम ओढले जातात किंवा एकही ओढला जात नाही. घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून झटकून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लेटरहेडचं पाकीट उघडं ठेवूच नका. दमट कागद वळतो, आणि वळलेला कागद पाठपोटाच्या वाटेत अडकतो.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. चाचणी झाली की वाया गेलेल्या एका लेटरहेडमधून लोगोची पट्टी कापा आणि ड्रॉवरच्या आत, जिकडे डोकं येतं त्याच टोकाला, जी बाजू वर दिसायला हवी ती वर ठेवून चिकटवा. पोट खाली ठेवायचं असेल तर पट्टी पालथी चिकटेल, मग तिच्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहा: "लोगो खाली, डोकं इकडे, पाठपोट बंद". पुढच्या फळीजवळही तशीच एक, "लोगो वर, डोकं आत". मोठ्या मशीनची चाचणी वेगळी करून त्याची पट्टी वेगळी लावा, या प्रिंटरची तिकडे नेऊ नका.